पाव पायाचा नव्हे

«सर्व पालकांनी मुलांना वाचून दाखवा!! आपली मराठी शंभर टक्के संस्कृत आहे. पाव = पायाने मळतात म्हणून पाव. चावी = चावणे, कारण तिला दात असतात. बादली = बादल, म्हणजे पाणी साठवणारा. बटाटा = वटक, म्हणजे गोळा. पगार = प्र + आगार. हे शब्द परकीय आहेत असं इंग्रजांनी आपल्या माथी मारलं. शिवरायांनी परकीय शब्द केव्हाच हद्दपार केले होते. पुढे पाठवा.»

हे आत्याने घरच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा मी गप्प बसले. आत्या रोज सकाळी काहीतरी टाकतेच. पण रविवारी सातवीतली भाची ‘शब्दांच्या जन्मकथा’ नावाचा प्रकल्प घेऊन आली आणि वहीत पहिल्याच ओळीला, हिरव्या पेनाने अधोरेखित केलेलं, ‘पाव : पायाने मळलेला’. शिवाय त्या दिवशी तिने मिसळीबरोबर पाव खाल्ला नाही. तेव्हा बोलणं भाग आहे.

तर आधी पाव. पोर्तुगीजमध्ये रोटीला जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘पाँव’च्या जवळ जातो, शेवट नाकातून. तो लॅटिनमधल्या ‘पानिस’वरून आलेला. गोव्यात कोकणीत तो अजून नाकातूनच म्हणतात. मराठीने नाकातला स्वर सोडला आणि ‘पाव’ उरला. याहून त्यात काही गूढ नाही.

आता एक कबूल करते, नाइलाजाने. पायाचा ‘पाव’ मराठीत खरोखरच आहे, फक्त तो बेकरीत मिळत नाही. संस्कृत ‘पाद’ म्हणजे पाऊल, आणि चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून ‘पाद’ म्हणजे चतुर्थांशही. त्यातला ‘द’ झिजून ‘पाव’ झाला. पाव किलो साखर मागतो तो हा पाव. पाद वजा केला की ‘पादोन’, त्याचं झालं ‘पाऊण’. पादासकट म्हणजे ‘सपाद’, त्याचा झाला ‘सव्वा’. म्हणजे सव्वापाच वाजता आपण नकळत पायच मोजत असतो. देव पावतो तो पाव तर तिसराच, ‘प्राप्’ धातूवरून आलेला. तिघांचं रूप सारखं, घराणी वेगळी. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने किराणा दुकानातला पाव उचलून बेकरीत नेऊन ठेवला, एवढंच.

(‘लादीचा चौथा भाग म्हणून पाव’ असं सांगणारेही भेटतात. आमच्या कोपऱ्यावरची लादी सहाची असते.)

बरं, शब्द पायावरून आला असता तर तो पायाला मराठीत ‘पाय’ म्हणणाऱ्यांपुरता राहिला असता. पण जपानीत पावाला ‘पान’ म्हणतात आणि सिंहलीतही ‘पान्’च. दोन्ही ठिकाणी पोर्तुगीज सोळाव्या शतकात पोहोचले होते. जपानी माणसाने मराठी ‘पाय’ ऐकून पावाला नाव दिलं असं आत्याला म्हणायचं असेल तर मग माझा नाइलाज आहे.

या एका ओळीवर मी एवढी का अडले, तर बाकीच्या ओळी नुसत्या चुकीच्या आहेत, ही घाण आहे. पावाबद्दलचा जुना संशय आपल्याकडे होताच. पाव खाल्ला की माणूस बाटला, विहिरीत पाव टाकला की गाव बाटलं, अशा गोष्टी वसईपासून गोव्यापर्यंत सांगतात. त्यात गोव्यात कणीक फुगवायला माडाची सूर घालायचे, म्हणजे नाक मुरडायला आणखी एक कारण. गोव्यात पहाटे सायकलवर पाव घेऊन भोंगा वाजवत जो येतो तो ‘पोदेर’. हा शब्दही पोर्तुगीज ‘पादेयरु’, म्हणजे पाववाला, याचाच. त्याच्या टोपलीतला पाव पायाने तुडवलेला असतो हे सातवीतल्या मुलीला व्युत्पत्ती म्हणून शिकवायचं? जुन्या काळी कुठे कुणी कणीक पायाने तुडवली नसेलच असं मी म्हणत नाही. पण शब्द तिथून आलेला नाही.

‘इंग्रजांनी माथी मारलं’ याचंही उत्तर इथेच देऊन टाकते. आशियातल्या भाषांमधल्या पोर्तुगीज शब्दांचा सर्वांत मोठा धांडोळा घेतला तो गोव्यात बार्देशातल्या आसगावच्या माणसाने, सेबास्तियांव रोदोल्फु दालगादो यांनी. धर्मगुरू होते, कोकणीचा कोश केलेला होता. त्यांचं पुस्तक 1913 मध्ये पोर्तुगालमधल्या कोइंब्राहून निघालं, आणि 1936 मध्ये बडोद्याहून त्याचा इंग्रजी अनुवाद आला. एकेक पोर्तुगीज शब्द घ्यायचा आणि तो कोकणी, मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ, सिंहली, मलय अशा सुमारे पन्नास भाषांत कोणत्या रूपात आहे ते ओळीने मांडायचं, अशी रचना. फॉरवर्डवाले एका भाषेतला एक शब्द घेऊन त्याचे तुकडे पाडतात. हा माणूस अख्खा किनारा फिरवून आणतो.

‘चावी’वर ते करून बघा. बंगालीत ‘चाबि’, मलयाळममध्ये ‘चावि’, तमिळमध्ये ‘सावि’. बंदरांच्या काठाकाठाने एकच शब्द. ‘चावणे’ हे क्रियापद काही तमिळमध्ये नाही, पण किल्लीला नाव तेच. पोर्तुगीज शब्द लिहिताना `chave` असा लिहितात, आणि आज लिस्बनमध्ये त्याचा उच्चार ‘शाव’ असा काहीसा ऐकू येतो. मग आपल्याकडे ‘शावी’ का नाही? कारण सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोक तिथे ‘च’च म्हणत होते. पुढे त्यांच्या राजधानीतला ‘च’ बदलून ‘श’ झाला. उत्तर पोर्तुगालच्या डोंगराळ भागात तो अजून कुठे कुठे टिकून आहे. म्हणजे त्यांनी टाकून दिलेला उच्चार आपण रोज कमरेला खोचून हिंडतो. शब्द कधी आला याचा पुरावा असा शब्दाच्याच अंगावर असतो. वसई 1534 मध्ये त्यांच्या हाती गेली होती, चौल आणि गोवा त्याआधीच. काळ नीट जुळतो.

त्या चावीचं कुलूप मात्र अरबी आहे. मूळ शब्द ‘कुफ्ल’. शेवटचं ‘फ्ल’ हे जोडाक्षर मराठी जिभेला जड, म्हणून मध्ये स्वर घुसवला, ‘फ’चा ‘प’ केला आणि ‘प’ व ‘ल’ यांची अदलाबदल केली: कुलूप.

ही अदलाबदल लक्षात ठेवा, कारण बादलीतही तीच आहे. पोर्तुगीज शब्द ‘बाल्द’. कोकणात आणि मुंबईत जुनी माणसं अजून ‘बालदी’ म्हणतात, ती पहिली पायरी. मग ‘ल’ आणि ‘द’ यांनी जागा बदलल्या आणि ‘बादली’ झाली. नुकसानीचं ‘नुस्कान’ करतो, डेस्कचं ‘डेक्स’ करतो, तसंच. आणि ढगातून बादली काढणाऱ्याला कुणीतरी सांगा की मराठीत ढगाला ‘बादल’ म्हणत नाहीत. मराठीचं शुद्धत्व सिद्ध करायला निघाले आणि हिंदीवर आपटले.

बटाट्याची गंमत वेगळी आहे. कंद दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजचा. नाव मात्र कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचं, आणि तेही बटाट्याचं नव्हे, रताळ्याचं! युरोपात दोन कंदांच्या नावांचा घोळ झाला आणि पोर्तुगीजांकडून तो घोळ आपल्याकडे आला. इकडे रताळंही अमेरिकेतूनच आलं, पण त्याला आपण आपल्या जुन्या कंदाचं नाव दिलं, ‘रक्तालु’. म्हणजे रताळ्याला संस्कृत नाव आणि बटाट्याला रताळ्याचं अमेरिकन नाव. हिंदीवाल्यांनी तर बटाट्यालाच जुना ‘आलु’ चिकटवला. एकादशीच्या ताटात बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची असते, चारही अमेरिकेच्या. फॉरवर्डमधला ‘वटक’ हा शब्द मात्र खरा आहे. त्याचा ‘वडा’ झाला. तेव्हा बटाटेवड्यातला वडा संस्कृत धरा आणि बटाटा सोडून द्या.

पगाराबद्दल फार लिहीत नाही. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे. आपण क्रियापदाचं नाम केलं. ‘प्र’ आणि ‘आगार’ जोडून संस्कृतात ‘प्रागार’ होतो, आणि तो महिन्याच्या एक तारखेला कुणाच्याही खात्यात जमा होत नाही.

शिवरायांचं अर्धं खरं आहे. त्यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करून घेतला, रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून. कारभारातल्या फारसी-दख्खनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. पण हाच कोश या फॉरवर्डच्या विरुद्ध साक्ष देतो: शब्द मुळात संस्कृतच असते तर त्यांना संस्कृत प्रतिशब्द शोधायला पंडित कशाला बसवावे लागले असते? आणि हद्दपारीचं म्हणाल तर पुढच्या शतकात पुण्यात राज्य चाललं ते ‘पेशव्यां’च्या नावाने, जो शब्द फारसी आहे, आणि मुजुमदार, डबीर, चिटणीस, फडणवीस आजही घरांच्या दारांवर आहेत.

रविवारी दुपारी भाचीबरोबर बसून वही नव्याने लिहिली. तीन रकाने आखले: शब्द, कुठून आला, कशावरून. तिसरा रकाना तिला आवडला. पाव, चावी, बादली, बटाटा लिहून झाल्यावर ती बाथरूममध्ये जाऊन आली आणि मला म्हणाली, “आत्या, साबण?”

साबणाला दोन दारं आहेत. अरबीत ‘साबून’, पोर्तुगीजमध्ये ‘सबाँव’. दोघांचं मूळ लॅटिनमधला ‘सापो’ हाच शब्द. त्यामुळे नुसत्या रूपावरून निवाडा होत नाही, आणि आपल्या किनाऱ्यावर अरब व्यापारीही होते आणि पोर्तुगीजही. मी तिला हे सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि दुसऱ्या रकान्यात लिहिलं: ‘अरबी किंवा पोर्तुगीज?’ प्रश्नचिन्ह मोठं काढलं.

बुधवारी वही तपासून आली. पावाच्या ओळीला बरोबरची खूण आहे. साबणाच्या ओळीला लाल गोल, शेजारी शेरा: ‘एकच उत्तर लिहा.’