सत्तर लाट्या आणि एक ओळ

मी जाहिरातीच्या धंद्यात आहे. साबण, गृहकर्ज, बनियन अशा कशावरही दोन ओळी लिहायच्या म्हटल्या तर माझा चहा निवायच्या आत होतात. त्यामुळे सोसायटीच्या महाराष्ट्र दिनाच्या फोटो प्रदर्शनासाठी बायकोने काढलेला फोटो निवडला गेला आणि सेक्रेटरींनी ‘खाली एक ओळ द्या, पंधरा शब्दांच्या आत’ असा निरोप पाठवला, तेव्हा मी तो चप्पल काढता काढता वाचून सोडून दिला होता.

फोटो साधा आहे. आमच्या गोरेगावच्या फ्लॅटचा हॉल, सोफा भिंतीला सरकवलेला, जमिनीवर जुनी चादर. आई मांडी घालून बसली आहे. समोर आठ वर्षांची मनू, हातात पापडाचं रेघांचं लाटणं, कपाळाला तेल. मनू खाली मान घालून लाटते आहे आणि आई एका बोटाने पापडाची कड दाखवते आहे. शब्दसुद्धा न बोलता, नुसतं बोट. हे बोट माझ्या बायकोला फार भावलं. ‘किती शांतपणे शिकवतात ना आई,’ ती म्हणाली. ज्या बाईने मला पाढे शिकवताना खालच्या मजल्यावरच्या मुलांचेसुद्धा पाठ झाले होते, तिचं हे वर्णन ऐकून मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पहिली ओळ मी लिहिली, ‘आजीच्या हातची चव, नातीच्या हाती.’ पाच शब्द. घरात वाचून दाखवली.

‘चव हातात नसते,’ आई भाजी निवडता निवडता म्हणाली. ‘खारात असते.’

मग मला पापडखाराचं प्रकरण ऐकावं लागलं. अर्धा किलो उडदाच्या पिठाला तिने दोन पोह्याचे चमचे खार घेतला होता, तोही सपाट. तो मिठाबरोबर पाण्यात उकळून, पाणी पूर्ण गार करून, त्यातच मिरी, जिरं आणि हिंग घातलेलं पीठ घट्ट भिजवायचं. खार जास्त पडला की पापड तळताना लाल होतो आणि जिभेला चुरचुरतो. कमी पडला तर तेलात टाकल्यावर फुलायचं नावच घेत नाही, रागावलेल्या माणसासारखा तळाशी पडून राहतो. हात कुणाचाही असो. ‘आणि हाताचंच म्हणशील तर,’ आईने निवडलेल्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या, ‘हात तुझे दुखले होते. ते लिही.’

ते खरं होतं. भिजवलेला गोळा रात्रभर झाकून ठेवल्यावर सकाळी तो कुटावा लागतो आणि आमच्या घरी कुटण्याच्या वयाचा मी एकटाच. आईने गिरगावातून इथे येताना दोन गोष्टी कुणाचं न ऐकता आणल्या होत्या, पाटा आणि वरवंटा. सातव्या मजल्यावर सकाळी साडेसातला मी पाट्यावर पीठ ठेवून वरवंट्याने धपाधप सुरुवात केली. तेलाचा हात लावायचा, कुटायचं, घडी घालायची, पुन्हा कुटायचं. दहाव्या मिनिटाला सहाव्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. ‘काम काढलंय का? नऊच्या आधी तोडफोड करायची नाही असा नियम आहे.’ मी घामाघूम अवस्थेत वरवंट्यासकट दार उघडलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत चादरीकडे पाहिलं. ‘अय्या, पापड!’ त्या म्हणाल्या, आणि नियम मागे घेऊन खाली गेल्या. जाताना फक्त एवढंच म्हणाल्या, ‘लाट्या झाल्या की आवाज द्या.’

कुटणं कधी थांबवायचं हे घड्याळ सांगत नाही, पीठ सांगतं. सुरुवातीला गोळा पिवळट, खरबरीत आणि अडेलतट्टू असतो. कुटता कुटता त्याचा रंग उजळतो, अंगाला चकाकी येते आणि दोन्ही हातांनी ओढला तर तो तटकन तुटत नाही, लांबत जातो. मी तीनदा ‘झालं’ म्हणालो. तिन्ही वेळा आईने चिमटीत पीठ ओढून पाहिलं, ते तुटलं, आणि तिने ते तुटलेलं टोक माझ्या नाकासमोर धरलं. चौथ्या वेळी लांबलं. मग तिने त्याच्या लांब सुरळ्या वळल्या, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं, दुसरं हातात ताणून धरलं आणि सपासप लाट्या पाडल्या. सुरीने कापल्या तर पीठ चिकटतं आणि लाटी चेपते, दोऱ्याने गोल राहते. सगळ्या तेलात घोळवून झाकणाच्या डब्यात, कारण पंख्याखाली उघड्या राहिल्या तर वरून पापुद्रा धरतो आणि लाटताना कडा फाटतात. लाट्या भरल्या सत्तर. आईने मोजल्या होत्या. हे मोजणं पुढे अंगाशी येणार आहे.

दुसरी ओळ, ‘मनूचा पहिला पापड.’ यात चूक काढायला जागाच नव्हती.

‘हा आठवा आहे,’ आई म्हणाली. ‘पहिला आफ्रिका झाला होता. दुसराही.’ चष्मा लावून तिने मोबाईल जवळ घेतला. ‘आणि बघ, अजूनही मधेच दाबतेय पोर. कड जाड राहिली म्हणूनच तर मी बोट ठेवलंय.’

म्हणजे ज्या बोटावर माझी बायको भाळली होती ते कौतुकाचं नव्हतं, ती तक्रार होती. लाटीवर लाटणं ठेवलं की मनूचा सगळा जोर मध्यभागी. मध्य पातळ होतो, कड भाकरीसारखी राहते. असा पापड भाजायला घेतला की मधे करपतो आणि कडेला कच्चा राहतो. जोर हलका हवा आणि मधून बाहेर जायला हवा, दर दोन फेऱ्यांनी पापड थोडा फिरवायचा. चिकटला म्हणून पिठी भुरभुरायची नाही, तेलाचं बोट लावायचं, नाहीतर ती पिठी तळताना कढईत सुटते, जळते आणि पुढचे सगळे पापड काळ्या ठिपक्यांचे निघतात. मनूने अर्थातच पिठीचा डबा मांडीत घेतला होता. आईने तो दोनदा काढून घेतला.

जाड कुठे राहिला ते ओळखायची आईची युक्ती मात्र मला आवडली. पापड पोळपाटावरून अलगद सोडवून तळव्यावर घ्यायचा आणि खिडकीसमोर धरायचा. पातळ भागातून बोटं दिसतात, जाड भाग ढगासारखा दिसतो. मनूचा तिसरा पापड खिडकीसमोर धरला तेव्हा ती गंभीरपणे म्हणाली, ‘आजी, यात पाऊस आहे.’ आठव्यात कडेला थोडे ढग उरले होते. बाराव्याला ऊन पडलं.

ऊन हा शब्द सापडला तशी मी तिसरी ओळ जुळवली, उन्हात वाळणारे पापड आणि मायेची ऊब वगैरे. ती पूर्ण लिहायला मला लाज वाटते. आईने ऐकून खिडकीकडे पाहिलं. समोर आणखी उंच टॉवर झाल्यापासून आमच्याकडे ऊन साडेनऊला येतं आणि दहा-सव्वादहाला जातं, बँकेच्या साहेबासारखं. ‘कुठलं ऊन? पंख्याखाली वाळलेत ते,’ ती म्हणाली. ‘आणि ताजा पापड थेट उन्हात टाकतात का? वाटी होते त्याची.’ उडदाचा पापड आधी सावलीत सुकवायचा, दोन्ही बाजू पालटून. जरा आवरला की मग थोडंसं ऊन दाखवायचं. कडक उन्हात एक बाजू आधी आखडते, पापड वळतो आणि डब्यात रचताना तुकडे होतात. एकूण, आमच्या घरात उन्हाची टंचाई आहे ती पापडांच्या पथ्यावरच पडली होती.

आता मी शेवटचा हुकमी पत्ता काढला, इतिहास. आई गिरगावची. १९५९ साली लिज्जत पापडाची सुरुवात गिरगावातच, लोहाणा निवासाच्या गच्चीवर झाली. सात बायका, ८० रुपये उसने, आणि पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं. ही परंपरा आमच्या हॉलपर्यंत आणायची माझी तयारी होती, शब्दही बारा-तेराच होत होते.

‘त्यांचं नाव नको घेऊस,’ आई घाईघाईने म्हणाली.

‘का?’

‘त्यांच्याकडे हिशोब असतो. पीठ घरी न्यायचं, पापड लाटून, वाळवून परत द्यायचे. वजनावर पैसे. इथे...’ ती थांबली. आई वाक्य अर्धवट टाकत नाही.

मी उठून डबा काढला. चाळणीत रचून ठेवलेले पापड मोजले. त्रेपन्न. पुन्हा मोजले, तरी त्रेपन्न. आफ्रिका आणि दुसरी आफ्रिका धरून. लाट्या सत्तर होत्या. सतरा लाट्यांचा पत्ता नव्हता.

कच्ची लाटी तेलात बुडवून खाण्याचं सुख ज्यांना माहीत आहे त्यांना चौकशीची गरज वाटणार नाही. मनूने नऊ कबूल केल्या. मी पाच खाल्ल्या होत्या, कुटणाऱ्याचा हक्क म्हणून, आणि त्याबद्दल मला खेद नाही. काकूंना मी एकही दिली नव्हती, आवाज द्यायचं विसरलो होतो. बायको फोटो काढत होती आणि तिला कच्चं पीठ चालत नाही. राहिल्या तीन.

‘दोऱ्याला चिकटल्या असतील,’ आई म्हणाली.

आईला रक्तदाब आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, पापड-लोणच्याचं तर नाव घेऊन सांगितलंय. गेलं वर्षभर ती जेवताना ताटातला पापड उचलून मनूच्या ताटात ठेवते, आम्ही सगळे बघत असताना. तिच्या या त्यागाचं कौतुक माझी ताई नागपूरहून फोनवर करते.

मी फोटो पुन्हा उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. आधी मनू. तिचा डावा गाल फुगलेला, हे अपेक्षितच. मग मी हळूहळू वर सरकलो. आईची बांगडी, आईचा खांदा, आईचा चेहरा. डोळे मनूच्या पापडावर, बोट कडेवर, ओठ घट्ट मिटलेले. आणि उजवा गाल, अगदी नातीसारखा.

‘म्हणून बोलत नव्हतीस?’ मी विचारलं.

‘तोंडात घास असताना बोलू नये,’ आई म्हणाली. ‘पोरांना वळण लागतं.’

सेक्रेटरींना मी ओळ पाठवली. ‘आजी नातीला पापड लाटायला शिकवताना. लाट्या ७०, पापड ५३.’ आकडे धरून नऊ शब्द. आईने दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं आणि एक मे रोजी स्वतः नऊवारी नेसून फोटोशेजारी खुर्ची टाकून बसली.

प्रदर्शन खालच्या पार्किंगमध्ये होतं. बायका येत होत्या, फोटो बघत होत्या, ‘किती गोड’ म्हणून पुढे सरकत होत्या. सहाव्या मजल्यावरच्या काकू मात्र थांबल्या. त्यांनी चष्मा वर करून खालची ओळ वाचली, ओठांतल्या ओठांत वजाबाकी केली, आईकडे पाहिलं आणि म्हणाल्या,

‘सतराच?’