सही घेतली म्हणजे संमती मिळाली असे होत नाही

आईच्या खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेला आठ दिवस झाले आणि दुपारी एक वाजता रुग्णालयाने सांगितले की संध्याकाळी पाचपर्यंत खोली रिकामी करावी लागेल. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. घरी मी आणि बायको, दोघेही नोकरी करणारे, आणि आईला कुशीवर वळवणे, बेडपॅन देणे, वॉकर धरून चार पावले चालवणे ही कामे शिकलेल्या माणसाशिवाय होण्यासारखी नव्हती. घरी परिचारिका पुरवणाऱ्या एका एजन्सीला फोन केला. त्यांचा माणूस तासाभरात वॉर्डच्या व्हरांड्यात आला, माझ्या मोबाइलवर अकरा पानांचा इंग्रजी करार पाठवला आणि आलेला ओटीपी सांगा म्हणाला. आतमध्ये आई कण्हत होती, बिलाच्या खिडकीशी माझा नंबर पुकारला जात होता. मी दोन पाने वाचली आणि तीस दिवसांच्या नोटिशीचे कलम बदला असे म्हटले, तेव्हा तो म्हणाला, "सर, ये तो फ़ॉर्मेट है, सब यही साइन करते हैं, नहीं करना हो तो बता दीजिए." मी ओटीपी सांगितला.

त्या दिवशी मी ५१,५०० रुपये भरले. बारा तासांच्या ड्यूटीचे एका महिन्याचे आगाऊ २४,००० रुपये, तेवढीच अनामत आणि ३,५०० रुपये नोंदणी. बाई कामाला चांगल्या होत्या, परंतु अकरा दिवस आल्या आणि बाराव्या दिवशी आल्या नाहीत. एजन्सीने "बदली माणूस पाठवतो" असे सहा दिवस सांगितले आणि कोणालाही पाठवले नाही. त्या सहा दिवसांत बायकोने बिनपगारी रजा घेतली. शेवटी मी सेवा बंद करत असल्याचे लेखी कळवले, तेव्हा मला हिशेब आला: पहिल्या महिन्याची आगाऊ रक्कम परत मिळत नाही, आणि ग्राहकाने तीस दिवसांची नोटीस न दिल्यामुळे अनामत त्यात वळती केली आहे. परत मिळणारी रक्कम शून्य. दिवसाला ८०० रुपये ठरलेली सेवा मला दिवसाला ४,६८० रुपयांच्या वर पडली. नोंदणीचे पैसे त्यांचेच धरले आणि अकरा दिवसांचे ८,८०० त्यांना दिले, तरी ३९,२०० रुपये त्यांनी कोणतेही काम न करता ठेवून घेतले आहेत. विचारले की एकच उत्तर मिळते: तुम्ही सही केली आहे.

या उत्तराचा मला मनस्वी संताप येतो, कारण ते ऐकायला कायद्यासारखे वाटते. मी तो करार नंतर रात्री बसून पूर्ण वाचला, आणि वाचताना प्रत्येक कलमातील "एजन्सी" आणि "ग्राहक" हे शब्द उलटे करून पाहिले. ग्राहकाने सेवा थांबवायची तर तीस दिवसांची नोटीस. एजन्सी मात्र कोणतेही कारण न देता कोणत्याही क्षणी सेवा बंद करू शकते. ग्राहकाचे पैसे एक दिवस उशिरा आले तर दंड. बदली माणूस येण्याला मात्र मुदतच नाही, "उपलब्धतेनुसार" एवढाच शब्द आहे. ग्राहकाने त्या बाईंना परस्पर कामावर ठेवले तर एक लाख रुपये. एजन्सीच्या निष्काळजीपणामुळे रुग्णाला इजा झाली तरी तिची जबाबदारी एका महिन्याच्या शुल्कापुरतीच. एकाही कलमात उलटी बाजू तीच राहत नाही. करार छापील आहे म्हणून माझी तक्रार नाही. रेल्वेचे तिकीट, विम्याची पॉलिसी, विजेची जोडणी हे सगळे छापीलच असते आणि प्रत्येक माणसाशी वेगळी घासाघीस करणे कोणालाच शक्य नसते. परंतु अटी लिहिणारा एकटाच असेल आणि त्याने प्रत्येक अट स्वतःकडेच झुकवली असेल, तर त्या कागदाला दोघांचा करार कशासाठी म्हणायचे?

"नको होता तर दुसरीकडे जायचे होते" असे सांगणाऱ्यांसाठी सांगतो की नंतर मी तेही करून पाहिले. शहरातील आणखी दोन एजन्सींचे करार मागवले. दर वेगळे होते, अटी मात्र त्याच, आणि एका वाक्यातील स्पेलिंगची चूकसुद्धा तिन्ही कागदांत तीच होती. त्याचे कारण उघड आहे: ग्राहक दर विचारतो, बाई अनुभवी आहे का विचारतो, अनामत कशी परत मिळेल हे रुग्णालयाच्या दारात कोणी विचारत नाही, त्यामुळे अटी सुधारून कोणत्याही एजन्सीला एकही गिऱ्हाईक जास्त मिळत नाही. स्पर्धा आहे, परंतु ती या कागदापर्यंत पोहोचतच नाही.

माझा मावसभाऊ वकील आहे. त्याला मी म्हटले, आई अशा अवस्थेत असताना, दोन तासांत घेतलेली सही ही दबावाखालची सही नव्हे काय? तो म्हणाला, "दादा, तुला पटेल ते आणि कायद्यात बसेल ते एकच नाही." १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १६ अनुचित प्रभावाबद्दल आहे. दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत असलेल्याने त्याच्याशी करार केला, आणि व्यवहार सकृद्दर्शनी विवेकाला न पटणारा असला, तर प्रभाव टाकला नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या बलवान पक्षावर येतो. हे वाचून मला धीर आला होता. परंतु त्याच कलमाखाली कायद्याने स्वतः एक उदाहरण दिले आहे: बाजारात पैशाची टंचाई असताना एक माणूस पेढीवाल्याकडे कर्ज मागतो, पेढीवाला नेहमीपेक्षा फार जास्त व्याजाशिवाय द्यायला तयार नसतो, माणूस ते मान्य करतो, हा धंद्यातील नेहमीचा व्यवहार आहे, अनुचित प्रभाव नाही. म्हणजे नुसती माझी अडचण आणि त्यांची चढी मागणी एवढ्यावर कलम १६ चालत नाही. नेमकी हीच फट या एजन्सींना पुरते.

ही फट सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दुसऱ्या बाजूने बुजवली. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन विरुद्ध ब्रजोनाथ गांगुली या खटल्यात कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन, कारण न सांगता, काढून टाकता येईल असा नियम होता. ज्या पक्षांच्या सौदाशक्तीत तफावत आहे, दुबळ्यापुढे "घे नाहीतर सोड" एवढाच मार्ग आहे, आणि ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून त्याला गत्यंतर नाही, तेथे अन्यायकारक अट करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून रद्द ठरते, असे न्यायालयाने म्हटले. मर्यादाही तेथेच सांगितली: दोन्ही पक्ष तुल्यबळ असतील किंवा दोघेही व्यापारी म्हणून सौदा करत असतील तर हा आधार मिळत नाही. पुढे २०१९ मध्ये पायोनियर अर्बन लँड विरुद्ध गोविंदन राघवन या निकालात हाच विचार खासगी बिल्डरच्या करारालाही लागू झाला. तेथे ग्राहकाच्या उशिराला १८ टक्के व्याज आणि बिल्डरने परत करायच्या रकमेला ९ टक्के, अशी तफावत होती. उलटवून पाहण्याची माझी परीक्षा म्हणजे काही माझा शोध नव्हे, तर न्यायालयानेही दोन्ही बाजू शेजारी ठेवूनच पाहिल्या.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा त्याहून सरळ आहे. त्याच्या कलम २(४६) मध्ये "अनुचित करार" याची व्याख्या आहे आणि तीत उघडउघड अवाजवी अनामत, नुकसानाच्या मानाने भलताच मोठा दंड, वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार, ही कलमे जवळपास माझा करार समोर ठेवून लिहिल्यासारखी आहेत. मी ती वाचून दुसऱ्या दिवशी इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायला निघालो, तेव्हा भावाने थांबवले. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोग ऐकत नाही. रक्कम कितीही लहान असो, ती राज्य आयोगापुढेच करावी लागते, आणि अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकारही त्यालाच आहे. आमचा राज्य आयोग भोपाळला आहे. ज्या माणसाला ३९,२०० रुपये वसूल करायचे आहेत आणि ज्याच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे, त्याने या अधिकारासाठी भोपाळचा रस्ता धरायचा, ही सोय कोणी कोणासाठी केली आहे?

इंदूरला जे करता येते ते मी करतो आहे. सेवेतील त्रुटी आणि सदोष सेवा बंद करून पैसे परत न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा, अशी तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. एजन्सीने न पाठवलेल्या बदलीच्या सहा दिवसांचे संदेश मी तक्रारीसोबत तारखेनिशी जोडले आहेत. या मार्गाने माझे पैसे कदाचित परत मिळतील, परंतु तो अकरा पानांचा कागद जसाच्या तसा राहील, आणि आज दुपारीही एखाद्या व्हरांड्यात कोणाकडून तरी ओटीपी मागितला जात असेल.

गेल्या आठवड्यात त्या बाईंचा फोन आला. आईची चौकशी केली आणि न येण्याची क्षमा मागितली. माझ्या २४,००० पैकी त्यांना ११,००० ठरले होते, मागच्या महिन्याचे तेही थकले होते, आणि त्यांचे प्रशिक्षणाचे मूळ प्रमाणपत्र एजन्सीच्या कपाटात आहे. आमच्या भागात दुसऱ्या कोणाकडे थेट काम धरले तर प्रमाणपत्र मिळणार नाही, असे त्यांना सांगितले आहे. करार कायद्याचे कलम २७ पोटाचा धंदा अडवणारी अट निरर्थक मानते, हे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "दादा, ते खरं असेल, पण मी सही केली आहे ना."