बीपच्या आधीच बोला, भावांनो!

घरात बसून द्यायची परीक्षा, तिला कसली आलीय तयारी? सिस्टीम चेकची लिंक आदल्या दिवशी आली तरी उघडू नका. माईकची परवानगी ब्राउझरने अडवलीय, हे ऐन परीक्षेत कळण्यातच थरार आहे. खिडकीकडे पाठ करून बसा, म्हणजे कॅमेऱ्यात चेहऱ्याऐवजी काळी सावली दिसेल आणि देखरेख करणारं सॉफ्टवेअर तुम्हाला शोधत बसेल.

अ‍ॅप्टिट्यूडला वीस मिनिटांत वीस प्रश्न असतील, तर नळ-टाकीच्या एकाच गणिताशी सहा मिनिटं कुस्ती खेळा. मागं हटायचं नाही, आपण तालमीच्या गावचे! उरलेल्या एकोणीस प्रश्नांना प्रत्येकी ४४ सेकंद मिळतात, तेवढ्यात प्रश्न वाचून तरी होतो.

खरी मजा इंग्रजी बोलण्याच्या भागात. तिथं ब्लूटूथ हेडफोनच घाला. माईक चालू झाला की त्यातले बरेचसे गाण्यांचा मोड सोडून कॉलचा मोड धरतात, आवाज दबतो आणि शब्दांची शेवटची अक्षरं गिळली जातात. वायरवाला हेडफोन हे करत नाही, म्हणून तो नकोच. शिवाय माईक ओठांना चिकटवा. दोन बोटं लांब, तोंडाच्या जरा बाजूला धरला तर श्वासाची फुसफुस रेकॉर्ड कशी होणार?

आता 'ऐका आणि तसंच म्हणा'. वाक्य एकदाच ऐकू येतं: "द मीटिंग वॉज मूव्ह्ड टू थर्सडे." तुम्ही बीपची वाट न बघता सुटा. रेकॉर्डिंग बीपनंतर सुरू होतं, त्यामुळे पलीकडे पोहोचतं फक्त "मूव्ह्ड टू थर्सडे". मीटिंग कुठं गेली, ते मशीनने शोधावं. अडखळलात तर लांब श्वास घेऊन विचार करा. काही परीक्षांत मोठी शांतता म्हणजे उत्तर संपलं, असं धरून पुढचं वाक्य येतं. बीपनंतर लगेच, सलग आणि नेहमीच्या वेगात बोलणारे उगाच गुण खाऊन जातात.

लाईटची काळजी तर मुळीच नको, लॅपटॉपला बॅटरी आहे की! राऊटरला नाही, ही किरकोळ गोष्ट. कोल्हापूरच्या पावसात लाईट गेली की राऊटर बंद आणि परत आली तरी तो जागा व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. बऱ्याच ठिकाणी घड्याळ सर्व्हरवर चालतं, ते तुमच्या राऊटरसाठी थांबत नाही. तरी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेऊ नका आणि फोनचा हॉटस्पॉट आधी जोडूनही बघू नका. तो ऐनवेळी जोडताना पासवर्ड शोधायला दुसरी विंडो उघडा, म्हणजे 'विंडो सोडली' ही नोंदही होईल.

एवढं होऊनही तक्रार करायचीच असेल, तर स्क्रीनशॉट, नेमकी वेळ, एररचा मजकूर आणि परीक्षेचा आयडी यातलं काहीही पाठवू नका. तिसऱ्या दिवशी एका ओळीचा मेल टाका: "सर, टेस्ट चालली नाही."