डेलावेअर नदीचे दोन काठ

"आत्या, अमेरिकेत ज्या राज्यांत किमान वेतन जास्त, तिथे नोकऱ्याही जास्त दिसतात. मग इथे वेतन वाढवलं की कारखाने बंद पडतील असं आबा का म्हणतात?"

पुतण्याचा हा प्रश्न घरच्या ग्रुपवर आला तेव्हा सांगलीत जेवणं उरकली होती आणि मी इकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला ऑफिसात डबा उघडत होते. आबांनी, म्हणजे माझ्या काकांनी, लगेच हाणलं : "मागच्या वेळी दर वाढले आणि मी चार माणसं कमी केली. आणखी काय पुरावा पाहिजे?" कुपवाड एमआयडीसीत त्यांची छोटी फाउंड्री आहे. पण त्याच वर्षी त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर निम्म्यावर आली होती, हेही मला त्यांनीच दिवाळीत सांगितलं होतं. माणसं दरामुळे गेली की ऑर्डरीमुळे, हे आता त्यांनाही सांगता यायचं नाही.

पुतण्याचं तेच, फक्त उलट्या बाजूने. श्रीमंत राज्यात धंदे जास्त आणि घरभाडीही जास्त, म्हणून तिथलं सरकार वेतन वाढवायला धजावतं. नोकऱ्या आणि वेतन दोन्ही त्या श्रीमंतीच्या मागून येतात.

मग खरं कळायचं कसं? सरकार अर्ध्या दुकानांना चिठ्ठ्या टाकून दर वाढवून देत नाही. पण कधी कधी जवळपास तसंच घडून जातं, आणि ते मी राहते त्या न्यू जर्सीतच घडलं होतं. इथे 1990 मध्ये, धंदा बरा चालला असताना, किमान वेतन ताशी 4.25 वरून 5.05 डॉलर करायचं ठरलं. अंमल 1 एप्रिल 1992 पासून. तोवर मंदी आली. वाढ दोन टप्प्यांत करू, असा ठराव विधिमंडळात झालाही, पण गव्हर्नरांपुढे तो टिकला नाही. थोडक्यात, वाढ लागू झाली ती त्या क्षणीची परिस्थिती बघून नव्हे. नदीपलीकडे पेन्सिल्व्हेनियात दर 4.25 वरच राहिला.

अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी दोन्ही काठांवरच्या 410 फास्ट फूड दुकानांना वाढीआधी आणि मग नोव्हेंबर-डिसेंबरात विचारलं : माणसं किती? अर्धवेळ माणूस अर्धा धरला. मधल्या काळात बंद पडलेली दुकानंही शून्य म्हणून मोजली, कारण वाचलेल्यांनाच विचारलं असतं तर चित्र उगाच गोंडस दिसलं असतं. न्यू जर्सीत सरासरी 20.44 वरून 21.03 झाली, पेन्सिल्व्हेनियात 23.33 वरून 21.17. दोन्ही बदलांतला फरक दुकानामागे पावणेतीन माणसांचा, आणि तोही वेतन वाढलेल्या बाजूला. वेतन वाढलं की नोकऱ्या जातातच, हे पाठ केलेल्यांना हे पचलं नाही. कार्ड यांना 2021 चं नोबेल मिळालं, क्रूगर तोवर हयात नव्हते.

मी हे लिहून टाकलं आणि थोडी फुशारले. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण श्रम-अर्थशास्त्र शिकलेली आहे. तिने आकडे बघितले आणि विचारलं, "वाढ न्यू जर्सीत झालीय की घट पेन्सिल्व्हेनियात?" खरंच, फरकातला मोठा वाटा पलीकडच्या घसरणीचा आहे. वेतन वाढलं नसतं तर न्यू जर्सीही तितकीच घसरली असती, या गृहीतावर सगळा डोलारा. ते सिद्ध करता येत नाही, फक्त चाचपता येतं. म्हणून कार्ड-क्रूगरनी न्यू जर्सीतच आधीपासून 5 डॉलर किंवा जास्त देणारी, म्हणजे वाढीची फारशी झळ न बसलेली दुकानंही वेगळी काढून ताडून पाहिली. उत्तर त्याच दिशेला गेलं. पुढे न्यूमार्क आणि वॉशर या दुसऱ्या दोन अर्थतज्ज्ञांनी दुकानांची पगारपत्रकं घेतली, तर नोकऱ्या घटल्याचं दिसलं. मग कार्ड-क्रूगरनी सरकारी नोंदी तपासल्या, तेव्हा फारसा परिणाम दिसेना. मला स्वतःला "80 सेंटच्या वाढीने नोकऱ्या कोसळल्या नाहीत" एवढंच पटतं. नोकऱ्या वाढल्याच, असं मी म्हणणार नाही.

शेजारचे पटेलभाई सँडविचचं दुकान चालवतात. त्यांना 1992 शी देणंघेणं नाही. "आता इथे पंधरा डॉलरच्या वर द्यावे लागतात, पलीकडे अजून सव्वासात. मी ऑर्डर घ्यायला स्क्रीन बसवला." स्क्रीन तर नदीपलीकडच्या दुकानांतही दिसतात, असं मी म्हटलं. ते हसले. पण त्यांचा मुद्दा अगदीच फोल नाही. 80 सेंटचा निकाल दुपटीच्या फरकाला लावता येत नाही.

पुतण्या आता विचारतोय की कागल महाराष्ट्रात, निपाणी कर्नाटकात, मधे जेमतेम वीसेक किलोमीटर, मग तिथे असं मोजता येईल का. सीमा छान आहे. पण न्यू जर्सीत वाढीनंतर बहुतेक दुकानांचा सुरुवातीचा पगार नेमका 5.05 झाला होता, म्हणजे कायदा खिशापर्यंत पोचला होता. आपल्याकडे कंत्राटदाराच्या कागदावरचा दर आणि मजुराच्या हातातला पैसा एकच आहे का, हे आधी बघावं लागेल. मी आबांना तेच विचारलं. निळ्या खुणा उमटल्या आहेत, उत्तर अजून नाही.