फ्रँचायझी आधी संपली किंवा गाळा आधी गेला, तर पैसे कोणाचे अडकतात?

«फ्रँचायझी घेताना गाळ्याचं टेन्शन घेऊ नका. कंपनीचा करार संपला की गाळ्याचा करार आपोआप संपतो. उलट गाळाच गेला तर कंपनीही तुमच्याकडे काही मागू शकत नाही. आणि गाळ्याचा करार अकरा महिन्यांचाच करा, तो सगळ्यात सेफ. पुढे वाढवत राहायचा.»

हा मेसेज फिरवणाऱ्यांनी एक साधी गोष्ट तपासलेली नाही. कोणत्या कागदावर कोणाच्या सह्या आहेत? फ्रँचायझी करारावर कंपनीची आणि तुमची सही असते, गाळ्याच्या करारावर तुमची आणि मालकाची. मालकाने कंपनीचा करार बहुधा पाहिलेलाही नसतो. जो करारात पक्षकार नाही त्याच्यावर त्या करारातली अट लादता येत नाही, हे आपल्या करार कायद्याचं मूळ तत्त्व आहे. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे ‘फ्रँचायझीचा नियमच तसा आहे’ असं म्हणायलाही जागा उरत नाही. कागदावर जे असेल तेच चालतं.

चिपळूणच्या बाजारपेठेतला एक काल्पनिक गाळा घेऊ. धंदा आइस्क्रीमचा. लीव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांचं, दरमहा ३८,००० रुपये, अनामत ३ लाख. लॉक-इन, म्हणजे गाळा मधेच सोडला तरी ज्याचं भाडं देणं लागतं तो काळ, ३६ महिने. कंपनीने आपली पुरवठ्याची साखळी बदलली, ६० दिवसांची नोटीस दिली आणि करार २२व्या महिन्याअखेर संपला. फ्रीजर परत गेले, बोर्ड उतरला. गाळा मात्र तुमच्याच नावावर आहे आणि लॉक-इनचे १४ महिने बाकी आहेत. १४ गुणिले ३८,००० म्हणजे ५,३२,००० रुपये. मालक ३ लाखांची अनामत अडवून उरलेले २,३२,००० मागणार, आणि करारात तसं लिहिलेलं असेल तर त्याच्या मागणीला आधारही आहे.

ही सगळी रक्कम त्याला मिळेलच असं नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, त्या मर्यादेत मिळते ती वाजवी भरपाई. शिवाय कलम ७३ चं स्पष्टीकरण सांगतं की नुकसान मोजताना ते कमी करण्याचे कोणते मार्ग हाताशी होते हेही पाहायचं. मालकाने चार महिन्यांत त्याच भाड्याने दुसरा भाडेकरू बसवला, तर त्याचं खरं नुकसान १,५२,००० रुपयांचं आहे आणि १,४८,००० त्याने परत द्यायला हवेत, असा युक्तिवाद तुम्हाला करता येतो. पण तो करायचा कोर्टात, आणि निकालापर्यंत अनामत मालकाच्या खात्यात. म्हणून गाळा सोडताना नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, किल्ल्या दिल्याची तारखेसह पोच घ्या आणि पुढे तिथे कोण केव्हा बसला याचे फोटो ठेवा. हे केलेलं नसेल तर चार महिने की चौदा, हे सिद्ध करणं कठीण जातं.

‘मग हे पैसे कंपनीकडून वसूल करू’ असं वाटणं साहजिक आहे. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. बऱ्याच फ्रँचायझी करारांत कोणत्याही बाजूला ३० किंवा ६० दिवसांच्या नोटिशीने करार संपवायची मुभा असते. १९९१ च्या इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या निकालात करार ३० दिवसांच्या नोटिशीने संपवता येण्यासारखा होता. सर्वोच्च न्यायालयाने वितरकाला एजन्सी परत दिली नाही. फक्त त्या ३० दिवसांच्या मिळकतीएवढी भरपाई मान्य केली. आपल्या उदाहरणात तर कंपनीने नोटिशीची मुदत पाळलेली आहे. म्हणजे मालकाला देणं लागतं चौदा महिन्यांच्या हिशोबाने आणि कंपनीकडून येणं जवळजवळ शून्य. लॉक-इन आणि नोटिशीची मुदत यांतली ही तफावत सही करण्याआधी मोजायची असते.

दोन करार जोडता येतच नाहीत असं मात्र नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १११ भाडेपट्ट्याची मुदत एखाद्या घटनेवर अवलंबून ठेवू देतं, आणि सुविधाधिकार कायद्याचं कलम ६२ अटीवर दिलेलं लायसन्स ती अट घडल्यावर संपल्याचं मानतं. पण ती अट गाळ्याच्या कागदात हवी, मालकाच्या सहीखाली. फ्रँचायझी करारात दहा वेळा लिहिली तरी मालकाला ती लागू होत नाही. मसुदा असा ठेवता येईल: ‘अमुक तारखेचा फ्रँचायझी करार कोणत्याही कारणाने संपल्यास लायसन्सधारक त्याचा लेखी पुरावा देऊन ६० दिवसांच्या नोटिशीने हे लायसन्स संपवू शकेल. अशा वेळी लॉक-इनची उरलेली रक्कम देय राहणार नाही, मात्र दोन महिन्यांचं भाडं भरपाई म्हणून अनामतीतून वळतं होईल.’ शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. मालकाला काहीच मिळणार नसेल तर तो या अटीवर सही करणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. ‘संपवू शकेल’ हेही तसंच. ‘संपेल’ लिहिलंत, तर त्याच जागेत स्वतःच्या नावाने धंदा चालू ठेवण्याचा पर्याय हातचा जातो.

मेसेजमधलं पहिलं विधान एका मांडणीत बरंचसं खरं ठरतं. कंपनीने गाळा स्वतः भाड्याने घेतला आणि तुम्हाला फक्त आउटलेट चालवायला दिलं, तर फ्रँचायझी गेली की जागेचा हक्कही बहुधा जातो, कारण तो हक्क कंपनीकडूनच आलेला असतो. तिथे तुम्ही लॉक-इनमधून सुटता, पण दुकानाच्या सजावटीवर घातलेले पैसे भिंतीलाच राहतात.

आता उलटी बाजू. गाळा गेला की कंपनीचा करारही आपोआप निकालात निघतो, या समजाला लोक करार कायद्याच्या कलम ५६ चा, म्हणजे करार पार पाडणं अशक्य होण्याचा, आधार देतात. गाळा कसा गेला हे त्यात आधी पाहिलं जातं. भाडं थकल्यामुळे किंवा मुदत न वाढवल्यामुळे गेला, तर ते तुमच्याच बाजूचं कारण धरलं जातं. पुराचंही तेवढं सोपं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. भाडेपट्ट्यासाठी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ आणि लायसन्ससाठी सुविधाधिकार कायद्याचं कलम ६२, दोन्ही जागा कायमची निकामी होण्याबद्दल बोलतात. गाळ उपसून, वायरिंग बदलून दुकान पुन्हा उघडता येत असेल तर ना गाळ्याचा करार संपला, ना फ्रँचायझीचा. बंद काळातलं भाडं आणि किमान रॉयल्टी, म्हणजे विक्री कितीही कमी झाली तरी कंपनीला द्यावी लागणारी रक्कम, माफ व्हावी असं वाटत असेल, तर तशी अट दोन्ही कागदांत वेगवेगळी घालावी लागते.

कोकणात गाळा जाण्याची जास्त ओळखीची वाट दुसरीच आहे. सात-बारावर किंवा मिळकत पत्रिकेवर पाच-सहा नावं, त्यातली निम्मी मुंबईला, आणि करारावर सही गावात राहणाऱ्या एकाच भावाची. गणपतीत सगळे जमतात, वाटणी ठरते, गाळा विकला जातो. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे मालकाने जागा विकली तर नव्या मालकावर लायसन्स बंधनकारक राहत नाही. नोंदणीकृत भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ मुळे तो खरेदीदारालाही लागू राहतो. पाच वर्षांच्या फ्रँचायझीला लायसन्सचा पाया देताना हा धोका सहसा कोणी सांगत नाही. म्हणून सर्व सहधारकांच्या सह्या किंवा नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र घ्या. विक्री झाल्यास अनामत आणि शिल्लक मुदतीतल्या सजावटीची घटवलेली किंमत मालक देईल, हेही लिहून घ्या.

गाळा गेल्यावर कंपनी काय मागते? करारात ‘मंजूर जागा’ ठरलेली असते आणि तिथला धंदा बंद पडणं हा भंग समजला जातो. स्थलांतराचं कलम असेल तर नवी जागा शोधून मंजूर करून घ्यायला मुदत मिळते. ती ६० दिवसांची असेल तर आपल्या भागात अपुरी आहे, पावसाळ्यात तर फारच. १२० दिवस मागा आणि तेवढ्या काळात किमान रॉयल्टी लागणार नाही असं लिहून घ्या. हे कलमच नसेल तर उरलेल्या महिन्यांच्या किमान रॉयल्टीचा दावा येऊ शकतो.

राहिला अकरा महिन्यांचा सल्ला. नोंदणी टाळता येते या समजुतीतून तो आलेला दिसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या भागात कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असलं तरी लेखी आणि नोंदणीकृतच हवं. वाचतो तो मुद्रांक, आणि तोही किरकोळ. आपल्या गाळ्याचं ६० महिन्यांचं शुल्क २२,८०,००० रुपये, त्यात अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी पाच वर्षांचं व्याज १,५०,००० मिळवा. २४,३०,००० च्या ०.२५ टक्के म्हणजे ६,०७५ रुपये. तेवढ्यासाठी बाराव्या महिन्यात मालकाच्या दारात उभं राहायचं, तेही सजावटीवर लाखो रुपये घालून आणि कंपनीशी पाच वर्षांनी बांधलेले असताना? मालकाला हे ठाऊक असतं आणि भाडं त्याप्रमाणे वाढतं.

६० महिन्यांच्या पुढे गेलात तर मात्र मुद्रांक भाडेपट्ट्याच्या दराने लागतो आणि खर्च बराच वाढतो. इथे तारखांचा घोळ होतो. गाळा १ फेब्रुवारीला ताब्यात, कामाला दोन महिने, फ्रँचायझीची पाच वर्षं उद्घाटनापासून १ एप्रिलला सुरू. शेवटी फ्रँचायझीचे दोन महिने बाकी आणि गाळ्याचे शून्य. लायसन्स वाढवण्यापेक्षा फ्रँचायझीची मुदत ५७ महिन्यांची करून घ्या किंवा ‘लायसन्सच्या मुदतीच्या एक महिना आधी संपेल’ असं लिहून घ्या. तो शेवटचा महिना बोर्ड आणि सजावट उतरवायला लागतो.

दोन्ही करारांना जोडणारा तिसरा छोटा कागदही करा, मालक, तुम्ही आणि कंपनी यांच्या सह्यांचा. त्यात तीनच गोष्टी पुरतात. भाडं थकल्याची नोटीस मालक कंपनीलाही पाठवेल. कंपनीला ते भरून जागा वाचवायला ३० दिवस मिळतील. आणि कंपनीने दुसरा चालक आणला तर मालकाची संमती आजच दिलेली असेल, कारण तशी संमती लिहिलेली नसेल तर जागा परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. दुसरा चालक आला की तुमची अनामत कोण आणि कधी परत देणार, ते त्याच कागदावर लिहा. जागा सोडणाऱ्याला ती मालकाने द्यायची की नव्या चालकाने, यावरच पुढे वाद होतात.

सह्यांचा क्रमही ठरलेला असू द्या. आधी कंपनीची जागेला लेखी मंजुरी, मग तिघांचा कागद, मग गाळ्याचा करार आणि त्याच दिवशी फ्रँचायझीचा. परत न मिळणारी फ्रँचायझी फी सर्वांत शेवटी.