पळाल्यावर वाढलेली नाडी म्हणजे वाढलेला रक्तदाब नव्हे

“नाडी शंभराच्या वर गेली की बीपी वाढला असे समजा. पळाल्यावर लेकरांची नाडी दीडशेपर्यंत जाते, कारण घामाने रक्त घट्ट होते आणि हृदयाला ते जोराने ढकलावे लागते. शाळेत लेकरांना पळवून नाडी मोजायचे प्रयोग बंद करा.”

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात हा मजकूर पालकांच्या मोबाइलवर फिरत आहे. मी आठवीच्या वर्गाकडून हाच प्रयोग करून घेतो, म्हणून त्यातील प्रत्येक विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

नाडी म्हणजे हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी रोहिणीच्या भिंतीतून जाणारी लहर. ती मोजली की ठोक्यांची संख्या कळते. रक्तदाब म्हणजे रक्ताने त्या भिंतीवर टाकलेला जोर, आणि तो हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते व बारीक रक्तवाहिन्या किती आवळलेल्या आहेत या दोन्हींवर ठरतो. त्यामुळे दोन्ही आकडे एकत्रच वाढतील असे नाही. मे महिन्याच्या उन्हात शेतात राबताना ज्याच्या अंगातील पाणी फार कमी झाले आहे, त्याची नाडी १२० असते आणि दाब मात्र ९० च्या आसपास घसरलेला असू शकतो, कारण कमी पडलेले रक्त पुरवण्यासाठीच हृदय घाई करत असते. अशा माणसाला वेगवान नाडीवरून ‘बीपी वाढला’ म्हणून घरातली बीपीची गोळी देणे जिवावर बेतू शकते. उलट, १७० दाब असलेल्या माणसाची नाडी ७२ असू शकते, म्हणून मनगट धरून उच्च रक्तदाब ओळखता येत नाही. त्यासाठी पाच मिनिटे शांत बसवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, पट्टा बांधूनच मोजमाप करावे लागते.

पळताना दाब वाढतो, हे खरे आहे. पण किती वाढतो ते पाहिले पाहिजे. विश्रांतीत प्रौढ माणसाचे हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त टाकते, म्हणजे ७२ ठोक्यांना साधारण ५ लिटर. पळताना ठोके १५० आणि प्रत्येक ठोक्याचे रक्त १०० मिलिलिटर धरले, तर हेच प्रमाण १५ लिटर होते. रक्त तिप्पट वाहते, पण दाब तिप्पट होत नाही, कारण पायांच्या स्नायूंतील रक्तवाहिन्या रुंदावतात. निरोगी माणसाचा वरचा आकडा १२० वरून १६० किंवा १७० पर्यंत जातो, खालचा जवळपास तेथेच राहतो किंवा थोडा उतरतो, आणि थांबल्यावर वरचाही काही मिनिटांत खाली येतो.

आता घट्ट रक्ताचा मुद्दा. रक्तात निम्म्याहून थोडा अधिक भाग रक्तद्रवाचा असतो आणि त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, म्हणून दीर्घकाळ घाम गाळून पाणी न प्यायल्यास रक्त काहीसे दाट होते. पण तीन मिनिटांच्या धावण्याने वाढलेल्या नाडीचे कारण ते नव्हे. वर्गातील एका मुलीची नोंद पाहा. पाच मिनिटे बसल्यानंतर तिचे अर्ध्या मिनिटात ४१ ठोके भरले, म्हणजे मिनिटाला ८२. तीन मिनिटे जागच्या जागी धावून थांबताच पंधरा सेकंदांत ३७, म्हणजे १४८. एका मिनिटानंतर ११२, तीन मिनिटांनी ९२, पाच मिनिटांनी ८४. घामाने गेलेले पाणी, तेही घोटभर न पिता, एका मिनिटात रक्तात परत येणे शक्य नाही. मात्र मेंदूकडून हृदयाला मिळणारी चेतना एवढ्या वेळात निश्चितच बदलते. शिट्टी वाजण्याआधीच अनेक मुलांची नाडी वाढलेली आढळते, तीही याच चेतनेमुळे. शिवाय रक्तक्षय असलेल्या मुलींची नाडी विश्रांतीतही वेगवान असू शकते, आणि त्यांचे रक्त तर पातळ असते: हिमोग्लोबिन कमी असल्याने तेवढाच प्राणवायू पोहोचवण्यासाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात.

या नोंदीत चुका कोठे होतात तेही सांगतो. अंगठ्याने नाडी धरली तर अंगठ्याचीच नाडी मोजली जाण्याचा धोका असतो, म्हणून मनगटावर अंगठ्याच्या मुळाखाली तर्जनी व मध्यमा ठेवावी. थांबल्यावर मोजणी लगेच सुरू करावी. वरच्या उदाहरणात एक मिनिट उशीर झाला असता तर १४८ च्या जागी ११२ लिहिले गेले असते. पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला की मिनिटाच्या आकड्यात चारचा फरक पडतो, त्यामुळे दोन मुलांतील चार-पाचच्या फरकावरून कोणाचे हृदय बळकट हे ठरवू नये.

प्रयोग बंद करण्याची मागणी मला मान्य नाही, पण पालकांच्या काळजीत एक खरी बाब आहे. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या लोहित रक्तकणिका प्राणवायू कमी झाल्यावर विळ्यासारख्या वाकतात व बारीक वाहिन्यांत अडकतात. जोराचे श्रम आणि पाण्याची कमतरता यांनी तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. म्हणून पालकांना आधी विचारून अशा मुलांना, तसेच हृदयविकार, दमा किंवा ताप असलेल्यांना धावायला लावू नये; घड्याळ पाहणे, सोबत्याची नाडी मोजणे व आलेख काढणे ही कामे त्यांनी करावीत. प्रयोग सकाळी, सावलीत व पाणी पिऊन करावा. धावताना कोणाच्या छातीत दुखले, चक्कर आली किंवा कोणी बेशुद्ध पडले, तर नाडीचा आकडा कितीही असो, धावणे तेथेच थांबवून त्या मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.