टार्गेट कॅनडा: निवडक दुकाने राखण्याचा पर्याय का टिकत नाही

वाचकाची प्रतिक्रिया: «पोर्टर, व्हीआरआयओ सगळे लावून शेवटी कंपनीने जे केले तेच तुम्ही सुचवले. तोट्यातली दुकाने बंद करून चांगली राखावीत, हा साधा पर्याय तुम्ही झटकून टाकला. निष्कर्ष आधी ठरला आणि चौकटी मागून आल्या, असेच वाटते.»

नमस्कार. अमेरिकन दुकानसाखळी टार्गेटने कॅनडातली सगळी दुकाने बंद करून माघार घेतली, आणि माझ्या लेखातली शिफारसही तीच होती. आपण सुचवलेला पर्याय हिशेबात मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. समजा 100 दुकानांपैकी 40 दुकाने स्वतःचा सगळा खर्च भागवून वर्षाला प्रत्येकी 30 लाख डॉलर मिळवतात आणि उरलेली 60 प्रत्येकी 10 लाख गमावतात. गोदामे, संगणक प्रणाली आणि मुख्यालय यांवरचा सामायिक खर्च 20 कोटी आहे. एकूण तोटा 14 कोटी होतो. साठही दुकाने बंद केली, तरी तोटा 8 कोटींवर राहतो. सामायिक खर्च 17 कोटींवर आणला, तरीही 5 कोटींचा खड्डा उरतो.

टार्गेटच्या बाबतीत हा खर्च दुकानांच्या प्रमाणात घटणारा नव्हता. मिल्टन, कॉर्नवॉल आणि कॅल्गरी येथील तीन वितरण केंद्रे 133 दुकानांचा पसारा गृहीत धरून उभी केली होती, आणि नवी संगणक प्रणाली 40 दुकानांसाठीही तेवढीच लागणार होती. पर्याय मी झटकला, तो या कारणाने.

कंपनीची टिकाऊ ताकद कशात आहे हे तपासणाऱ्या व्हीआरआयओ चौकटीने मला दाखवले ते हे, की अमेरिकेतील टार्गेटची ताकद ब्रँडमध्ये कमी आणि फळीवर माल वेळेवर पोहोचवण्यात अधिक होती. ही क्षमता सीमेपलीकडे आलीच नाही. वस्तूंच्या नोंदींत लांबी-रुंदी इंच की सेंटिमीटर, असे घोळ होते. गोदामे भरलेली आणि फळ्या रिकाम्या, अशी अवस्था ग्राहकांनी पाहिली. ज्या 40 दुकानांना आपण चांगली म्हणू, त्यांनाही माल याच साखळीतून येणार होता. बाजारातल्या स्पर्धेचे दडपण तपासणाऱ्या पोर्टरच्या चौकटीविषयी मी लेखात फार लिहिले नाही, कारण तिथे एकच मुद्दा निर्णायक आहे: 1994 पासून कॅनडात बस्तान बसवलेला वॉलमार्ट रिकामी फळी भरण्याची वाट पाहत बसणार नव्हता.

झेलर्स या जुन्या कॅनेडियन दुकानसाखळीच्या जागांच्या भाडेहक्कांसाठी टार्गेटने मोजलेले 182.5 कोटी कॅनेडियन डॉलर या हिशेबात मी धरले नाहीत, कारण ते परत येणार नव्हते. जानेवारी 2015 मध्ये माघार जाहीर करताना कंपनीने सांगितले, की किमान 2021 पर्यंत नफ्याकडे नेणारी वास्तववादी वाट दिसत नाही. हे विधान मी पुरावा म्हणून धरलेले नाही, कारण निर्णय घेणाऱ्यानेच ते केले आहे. वरचा हिशेब त्याच्याशिवायही उभा राहतो.

माझी शिफारस एका गोष्टीने बदलली असती. निवडक दुकानांत मालाची उपलब्धता सलग काही तिमाही सुधारत गेली असती आणि त्याबरोबर जुन्या ग्राहकांच्या फेऱ्या वाढल्या असत्या, तर सामायिक खर्च पेलण्याइतकी विक्री होण्याची आशा धरता आली असती. तशी आकडेवारी आपल्याकडे असेल तर अवश्य मांडावी. मग आपल्या पर्यायाचा हिशेब मी दुकानागणिक पुन्हा करीन.